१८ बाय ९ च्या हिरवळीला किती फवारे?

बंगल्यापुढे १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद अशी आयताकृती हिरवळ आहे. आणलेल्या पॉप-अप फवाऱ्याची फेक, म्हणजे त्याचं पाणी जिथपर्यंत पोचतं ते अंतर, साडेचार मीटर आहे. किती फवारे लागतील? हिशेब शाळेतला वाटतो, पण त्याची तीन उत्तरं निघतात: २, ८ आणि १५.

दोनचं उत्तर वर्तुळावरून येतं. साडेचार मीटर फेक म्हणजे ९ मीटर व्यासाचं वर्तुळ. अशी दोन वर्तुळं शेजारी-शेजारी ठेवली की १८ बाय ९ चा आयत अगदी भरतो. कागदावर छान दिसतं. फक्त १६२ चौरस मीटरपैकी सुमारे ३५ चौरस मीटर कोपऱ्यांत आणि मधल्या खाचांत कोरडे राहतात. पण खरी अडचण कोपऱ्यांची नाहीच. वर्तुळाच्या आतही पाणी सगळीकडे सारखं पडत नाही.

साधारणपणे फवाऱ्याच्या जवळ सर्वांत जास्त पाणी पडतं आणि लांब जाल तसं ते कमी होत, फेकीच्या टोकाला जवळजवळ शून्यावर येतं. समजा, फवाऱ्यापाशी १० मिलिमीटर पडलं. मग अर्ध्या वाटेवर ५ आणि टोकाला ०. आता दुसरा फवारा पहिल्याच्या फेकीच्या बरोबर टोकावर बसवा. पहिल्यापाशी १० अधिक ०, अर्ध्यावर ५ अधिक ५, दुसऱ्यापाशी ० अधिक १०. म्हणजे सगळीकडे दहा! एकाची उणीव दुसरा बरोबर तेवढीच भरून काढतो. म्हणूनच या कामातला पहिला नियम असा: एका फवाऱ्याचं पाणी शेजारच्या फवाऱ्याच्या डोक्यापर्यंत पोचलं पाहिजे. दोन फवाऱ्यांतलं अंतर फेकीइतकं, म्हणजेच व्यासाच्या निम्मं.

चार फवाऱ्यांच्या चौकोनाच्या मध्यावर काय होतं? तिथे चारही फवारे थोडं थोडं टाकतात आणि बेरीज ११.७ च्या आसपास जाते. इतका फरक गवताला कळत नाही. पण पैसे वाचवायला हेच अंतर साडेचारऐवजी ५.४ मीटर केलं, तर दोन फवाऱ्यांच्या मधोमध ८ आणि चौकोनाच्या मध्यावर जेमतेम ६ उरतात. अंतर फक्त पाचव्या हिश्शाने वाढलं आणि मधल्या गवताचं पाणी जवळजवळ निम्म्यावर आलं. मग माळी तो पिवळा पट्टा पाहतो आणि पंप जास्त वेळ चालवतो. मध्यावर दहा पोचेपर्यंत फवाऱ्यांपाशी सोळा-सतरा पडून चिखल झालेला असतो.

आता आठचं उत्तर. साडेचार बाय साडेचारच्या चौकोनाचं क्षेत्रफळ २०.२५ चौरस मीटर. १६२ ला त्याने भागलं की बरोबर ८ येतात. अंदाजपत्रकात बहुधा हाच भागाकार दिसतो आणि तो खोटा नाही. फक्त तो पूर्ण गोल फिरणाऱ्या फवाऱ्यांचा आहे. हिरवळीला मात्र कडा असतात. कडेलाही फवारे लागतातच, नाहीतर तिथल्या गवताला एकाच बाजूने पाणी मिळतं. पण ते अर्धे हवेत, नाहीतर निम्मं पाणी फरशीवर नाहीतर कंपाउंडच्या भिंतीवर. कोपऱ्यातला तर पाव गोलाचा.

म्हणून अंतरं मोजायची. १८ मीटरमध्ये साडेचारची चार अंतरं, म्हणजे पाच फवारे. ९ मीटरमध्ये दोन अंतरं, म्हणजे तीन ओळी. पाच त्रिक पंधरा. त्यांपैकी कोपऱ्यांत ४ पाव, कडांना ८ अर्धे, आत ३ पूर्ण. सगळे मिळून १ अधिक ४ अधिक ३, म्हणजे आठच पूर्ण फवाऱ्यांचं पाणी. ८ आणि १५ या उत्तरांत भांडण नाही, एक पाण्याचा हिशेब आहे आणि दुसरा खरेदीचा.

मात्र पाव फवाऱ्याने पाणीही पावच सोडलं पाहिजे. सुमारे २ बार दाबाला या मापाचा पूर्ण नोझल मिनिटाला साधारण १४ लिटर सोडतो, अर्धा ७ आणि पाव साडेतीन. खोक्यातून हाताला येईल तो नोझल बसवला, तर कोपऱ्यात दुप्पट-चौपट पाणी साचतं. सगळं जुळलं तर एकूण ११२ लिटर मिनिटाला, म्हणजे तासाला सुमारे ४१ मिलिमीटर पाऊस.

हिरवळ २० बाय १० असली तर? २० ला साडेचारने भागून ४.४४ येतात. अपूर्णांक खाली सोडायचा नाही, वर न्यायचा: पाच अंतरं, तसंच रुंदीत तीन. मग फवारे होतात सहा चोक चोवीस! दोन मीटर लांबी वाढली आणि नऊ फवारे जास्त. अशा वेळी चोवीसची खरेदी करण्याआधी पाच मीटरहून थोडी जास्त फेक असलेला नोझल पाहावा. अंतर पाच मीटर ठेवता येतं आणि संख्या पुन्हा पंधरावर येते. आधी हिरवळ, मग तिला साजेसा नोझल, हा क्रम बहुतेकजण उलटा करतात.

पंधराचे पंधरा फवारे एकदम चालवायला मिनिटाला ११२ लिटर देणारा पंप हवा, आणि तोही दाब न सोडता. घरगुती पंपाला ते बहुधा झेपत नाही. इथे दोन व्हॉल्व्ह करावेत. मधली ओळ एकटी ५६ लिटर घेते आणि कडेच्या दोन ओळी मिळून ५६. पाणी वेगवेगळ्या वेळी पडलं तरी मातीत बेरीज तीच होते, फक्त दोन्ही व्हॉल्व्ह सारखीच मिनिटं चालले पाहिजेत. ५ मिलिमीटरसाठी प्रत्येकी सात मिनिटं पुरतात. काळ्या मातीत तीही सलग देऊ नयेत. तासाला ४१ मिलिमीटर ती पिऊ शकत नाही. तीन-चार मिनिटं द्यावीत, मुरू द्यावं, मग उरलेलं द्यावं.

आणि वारा. वर सांगितलेलं निम्म्या व्यासाचं अंतर ताशी दहाएक किलोमीटर वाऱ्यापर्यंत चालतं; त्यापुढे व्यासाच्या ४५ टक्क्यांवर यावं लागतं. पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, म्हणून तिथे जास्तीचे फवारे घेण्यापेक्षा पहाटे पाणी देणं स्वस्त.

बसवलेलं बरोबर आहे का, हे बघायला एकसारखे सरळ उभ्या कडांचे १६ डबे पुरतात. जे. ई. क्रिस्टियनसेन यांनी कॅलिफोर्नियात शेतीच्या फवाऱ्यांसाठी अशीच मापं घेतली आणि १९४२ मध्ये पाण्याच्या समानतेचा जो गुणांक मांडला तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. हिरवळीला त्याहून सोपी रीत चालते. डबे फवाऱ्यांपाशी आणि त्यांच्या मधल्या जागांत सारख्या अंतरावर मांडा, दोन्ही व्हॉल्व्ह पंधरा-पंधरा मिनिटं चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. सरासरी १० मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. मग सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी काढून तिला एकूण सरासरीने भागा. ०.७ आलं तर या जातीच्या फवाऱ्यांसाठी काम चांगलं झालं. ०.५ आलं तर कमी डबे कुठे होते ते पाहा. सगळे चौकोनांच्या मध्यावर असतील तर अंतर जास्त आहे किंवा दाब कमी पडून फेक आखडली आहे. एकाच बाजूला असतील तर वारा. फवाऱ्याभोवती धुकं उठत असेल तर दाब जास्त आहे, थेंब बारीक होऊन उडून जातायत. आणि एखाददुसराच डबा कोरडा निघाला, तर त्याच्या शेजारच्या नोझलची जाळी आधी काढून धुवा.