दीड लाखाचा फरक

समजा, एका हार्डवेअर दुकानदाराला जीएसटी अधिकाऱ्याची एएसएमटी-१० नोटीस आली: जीएसटीआर-१ मध्ये वर्षाची विक्री ६२,४०,००० रुपये, तर जीएसटीआर-३बी मध्ये ६०,९०,०००. म्हणजे दीड लाख लपवले का?

नाही. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या १,१०,००० रुपयांच्या मालाच्या क्रेडिट नोटा ३बी मध्ये वजा झाल्या, जीएसटीआर-१ मध्ये राहून गेल्या. उरलेले ४०,००० म्हणजे दोनदा चढलेले एकच बिल. दोन्ही दुरुस्त्या नंतरच्या जीएसटीआर-१ मध्ये, वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरच्या आत झाल्या होत्या. तोच बचावाचा खरा आधार.

एएसएमटी-११ मधल्या उत्तराला हा ताळमेळ तक्ता, नोटांच्या प्रती आणि माल परतीची नोंद जोडावी. नुसते ‘चुकून झाले’ पुरत नाही. उत्तर नोटिशीतल्या मुदतीतच द्या.