आलू की अळू?

मराठीच्या वर्गात एका टेबलावर भाजीचे दुकान मांडले आहे, अशी कल्पना करा. गिऱ्हाईक आहे कानपूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेला तरुण आणि भाजीवाले काका झाला आहे त्याचाच एक वर्गमित्र, जो लहानपणापासून मराठी ऐकत आला आहे.

"काका, आलू द्या."

"किती? एक जुडी?"

"जुडी नाही. अर्धा किलो."

"अहो, अळू किलोवर नाही देत, जुडीवरच मिळतं."

इथे तरुण अडतो. पाठ्यपुस्तकातल्या संवादात काका लगेच "हे घ्या" म्हणत होते. हिंदीतला 'आलू' म्हणजे आपला बटाटा आणि मराठीतले 'अळू' म्हणजे वड्यांची किंवा फतफत्याची पाने, हे त्याला अजून ठाऊक नाही. समोरच्यालाही आपण दोघे वेगवेगळ्या भाज्यांबद्दल बोलतो आहोत, हे कळलेले नाही. भाषा शिकवताना वापरल्या जाणाऱ्या भूमिका-संवादांचा, म्हणजे रोल-प्लेचा, खरा उपयोग या क्षणी सुरू होतो. पुष्कळ वर्गांत मात्र तो इथेच थांबवला जातो आणि शिक्षक योग्य शब्द सांगून मोकळे होतात.

पाठ केलेला संवाद बाजारात फार टिकत नाही, कारण दुकानदाराने तो वाचलेला नसतो. म्हणून नीट बेतलेल्या भूमिका-संवादात दोघांनाही वाक्ये दिली जात नाहीत, दिली जाते एकेक चिठ्ठी. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहायची नाही. हॉटेलचा प्रसंग असेल तर गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते : 'तुम्हाला मिसळ खायची आहे, तिखट चालत नाही, खिशात दीडशे रुपये आहेत.' वेटरच्या चिठ्ठीवर : 'मिसळ संपली आहे. बटाटेवडा आणि थालीपीठ आहे. थालीपीठ तिखट आहे.' दोघांकडची माहिती वेगळी असल्याने विचारल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. "तिखट आहे का?", "दुसरं काय आहे?", "मग वडाच द्या" ही वाक्ये गरजेपोटी तोंडून निघतात.

याच प्रसंगात पुस्तकी मराठीचाही कस लागतो. नवशिका "कृपया मला एक चहा द्या" असे म्हणतो. वाक्यात चूक काहीच नाही, पण हॉटेलात 'कृपया' ऐकले की रेल्वे स्टेशनवरची घोषणा आठवते. मराठीत अदब क्रियापदातच असते. "दादा, एक चहा द्या" यातल्या 'दादा' आणि 'द्या' या दोन शब्दांत ती पुरेपूर आली. एखाद्या अनोळखी दुकानदाराला 'दे' म्हटले, तर मागे कितीही 'कृपया' जोडले तरी ते उद्धटच वाटते.

हिंदी भाषकांसाठी हॉटेलात आणखी एक खड्डा आहे. "टेबल खाली आहे का?" असे त्याने विचारले, तर त्याच्या मनात 'रिकामे' असते. वेटर "हो, खाली आहे" म्हणून जिन्याकडे बोट दाखवतो. दोघांनी एकच शब्द वापरला, दोघांनाही तो समजला असे वाटले आणि गिऱ्हाईक तळमजल्यावर जाऊन पोचले. असे गैरसमज अवघड असतात, कारण ते झाल्याचे लगेच कळतच नाही.

संभाषणातली अशी घसरण माणसे कशी सावरतात, यावर भाषाभ्यासकांनी बारकाईने काम केले आहे. एमान्युएल शेग्लॉफ, गेल जेफर्सन आणि हार्वी सॅक्स यांचा या विषयावरचा गाजलेला लेख 1977 सालचा. पुढे 2015 मध्ये मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या बारा भाषांमधली घरगुती संभाषणे तपासली. आपापल्या भाषेत गप्पा मारणारी माणसेही सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एकदा तरी एकमेकांना थांबवून खुलासा मागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे न कळणे ही परक्याचीच अडचण नाही. मुरलेला बोलणारा फक्त खुलासा सफाईने मागतो.

तो मागण्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला नुसता "अं?" किंवा "काय म्हणालात?". यात काय कळले नाही, ते समोरच्याला समजत नाही, म्हणून तो तेच वाक्य जरा मोठ्याने म्हणतो. दुसऱ्यात अडलेल्या जागेवर बोट ठेवले जाते : "जुडी म्हणजे?" तिसऱ्यात आपल्याला कळलेला अर्थ समोर ठेवून होकार मागायचा : "म्हणजे पानं, ना?" डिंगेमान्स यांच्या अभ्यासात दिसले ते असे की, माणसे शक्य तेवढा नेमका प्रश्न विचारतात, म्हणजे समोरच्याचे काम कमी होते. नवशिक्याला नेमके हेच येत नसते. तो एक तर सगळ्यावर "काय?" म्हणतो, नाही तर काहीही न कळता "हो हो" म्हणत मान डोलावतो.

आता पुन्हा भाजीच्या दुकानात येऊ. दुसऱ्या फेरीत शिक्षक तरुणाला 'बटाटा' हा शब्द देत नाहीत, "जुडी म्हणजे?" एवढाच प्रश्न देतात.

"जुडी म्हणजे?"

"अहो, पानांची. ही बघा."

"पानं नकोत. ते गोल असतं, वड्यात घालतात ते."

"बटाटा होय! मग तसं सांगा की. अर्धा किलो?"

शब्द माहीत नसताना त्याने वस्तूचे वर्णन करून काम भागवले. शिवाय 'बटाटा' हा शब्द काकांच्या तोंडून, गरजेच्या क्षणी मिळाला.

मग येतो हिशेब. काका म्हणतात, "सव्वाशे झाले." हिंदी भाषकाला 'सवा सौ' आठवेल, पण वर्गातल्या तमिळ मुलीला किंवा जर्मन पाहुण्याला सव्वाशे, पाऊणशे, अडीचशे ही पाव-पाऊणची भाषा नवीन असते. त्यामुळे ती शंभराची नोट पुढे करून उभी राहते. इथे तिसरा प्रकार कामी येतो : "सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस, ना?"

पत्ता विचारतानाही हीच युक्ती चालते. 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' लवकर पाठ होतात, घोळ होतो तो 'अलीकडे' आणि 'पलीकडे' यांत. "देवळाच्या अलीकडे डावीकडे वळा" हे ऐकून अनेक जण देऊळ ओलांडून पुढे जातात. पत्ता ऐकल्यावर तो आपल्या शब्दांत परत म्हणायचा, ही सवय सरावात लावतात : "म्हणजे देऊळ यायच्या आधी वळायचं?"

समजले की नाही, हे "कळलं का?" विचारून कळत नाही, कारण उत्तर नेहमी "हो" असते. म्हणून अनुभवी शिक्षक निकालाकडे पाहतात. पिशवीत बटाटे आले की अळू, मोड बरोबर परत आली का, नकाशावरची रेघ देवळाच्या कोणत्या बाजूला वळली? संवाद चालू असताना ते व्याकरण सुधारायला मध्ये पडत नाहीत. 'ते बटाटा' म्हटल्याने काम अडत नसेल, तर ती चूक वहीत टिपून शेवटी सांगतात.

या सरावाला एक मर्यादा आहे. पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक जरा अडखळले की दुकानदार मदत म्हणून हिंदीवर येतो आणि सगळी तयारी वाया जाते. त्यासाठी एक शेवटची फेरी ठेवता येते. काकांच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते : 'दुसऱ्या वाक्यापासून हिंदीत बोला.'

"आधा किलो ना? और कुछ?"

"काका, मराठीतच सांगा ना. मी शिकतोय."

"बरं. मग कोथिंबीर देऊ का?"

"द्या. एक जुडी."