वर्षाचा विमा हप्ता महिन्यावर नेताना

आमच्या शेजारच्या वहिनी डबे पुरवतात. दिवाळीचा खर्च उरकतो न उरकतो तोच नोव्हेंबरात आरोग्य विम्याचे 24,000 रुपये एकरकमी भरायचे, हे त्यांना दरवर्षी जड जातं. यंदा त्यांनी हप्ता मासिक करून मागायचं ठरवलं.

हा बदल सहसा नूतनीकरणाच्या वेळीच होतो, कारण चालू वर्षाचे पैसे आधीच भरलेले असतात. म्हणून महिनाभर आधी आम्ही दोघींनी बसून कंपनीला अर्ज लिहिला: ‘20 नोव्हेंबरच्या नूतनीकरणापासून माझा हप्ता वार्षिकऐवजी मासिक करावा. मासिक रक्कम, वर्षाची एकूण रक्कम आणि आजवर पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ कायम राहील हे लेखी कळवावे.’

उत्तर आलं : महिना 2,080 रुपये. वर्षाचे झाले 24,960, म्हणजे 960 रुपये जास्त. कंपनीने मासिक हप्त्यासाठी चार टक्के वाढ लावली होती. हा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून बाराने गुणून पाहावंच. वरवर चार टक्के वाटले, तरी पूर्ण 24,000 वर्षभर आपल्या हातात राहत नाहीत, दर महिन्याला त्यातले 2,080 निघून जातात. तो हिशेब धरला, तर हे जवळपास पावणेनऊ टक्के व्याजाचं कर्ज ठरतं. रक्कम बचत खात्यात पडून असेल तर वार्षिकच भरावं. तीच रक्कम क्रेडिट कार्डावर थकवत ठेवण्यापेक्षा मात्र मासिक हप्ता कितीतरी स्वस्त.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती हप्ता चुकण्याची. मासिक हप्त्याला सवलतीची मुदत 15 दिवसांची. इतर प्रकारांत ती 30 दिवस असते. हप्त्यांच्या पॉलिसीत या मुदतीतही संरक्षण चालू राहतं, पण ती उलटली की पॉलिसी बंद. मग नवी घेतली तर जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाऊ शकतो. चूक बहुतेकदा साधी असते. बँकेला दिलेल्या ऑटो डेबिटची मर्यादा 2,100 रुपये ठेवलेली असते आणि पुढच्या वर्षी वयामुळे हप्ता 2,300 होतो, तर वजावट परत जाते. म्हणून मर्यादा थोडी सैल ठेवावी आणि हप्त्याच्या तारखेनंतर दोन दिवसांनी पासबुकात नोंद पाहावी.

आणखी एक अट पॉलिसीच्या कागदात शोधावी. चार हप्ते भरून झाल्यावर 80,000 रुपयांचा दावा मंजूर झाला, तर उरलेले आठ हप्ते, म्हणजे 16,640 रुपये, लगेच देय होतात आणि कंपनी ते दाव्यातून कापून घेऊ शकते. रुग्णालयाचं बिल भागवायला मग 63,360 उरतात. वहिनींनी ही अट वाचली, मासिक हप्ता कायम ठेवला, आणि तेवढी रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत जमवायला सुरुवात केली.