जुन्या करप्रणालीचा फॉर्म राहून गेला तर

आपल्या गटांतल्या काही जणींचा उद्योग आता इतका वाढला आहे की त्या दरवर्षी आयकराचे रिटर्न भरतात. आजची माहिती त्यांच्यासाठी आहे. एक छोटा फॉर्म राहिला, तर कर बसत नसताना हजारो रुपयांची मागणी कशी येते, ते पाहू.

आयकर मोजायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या करप्रणालीत विमा, पीपीएफ, घरकर्ज यांची वजावट मिळते. नव्या प्रणालीत दर कमी आहेत, पण यातल्या बहुतेक वजावटी नाहीत. आधी आपोआप जुनी प्रणाली लागायची. आर्थिक वर्ष 2023-24 पासून हे उलटे झाले. आता तुम्ही काहीच कळवले नाही, तर नवी प्रणाली लागते.

पगारदार माणूस रिटर्न भरतानाच जुनी प्रणाली निवडू शकतो. धंदा करणाऱ्याला मात्र त्याआधी Form 10-IEA हा वेगळा फॉर्म ऑनलाइन द्यावा लागतो, तोही रिटर्नच्या मूळ मुदतीच्या आत. नेमके इथेच चुकते.

समजा, सेलूतल्या एका ताईंची मसाला गिरणी आहे. 2023-24 मध्ये त्यांचे उत्पन्न साडेआठ लाख रुपये झाले. घर आणि घरकर्ज त्यांच्या नावावर आहे. वर्षात 2 लाख व्याज भरले. विमा, पीपीएफ आणि कर्जाची मुद्दल मिळून दीड लाख झाले. जुन्या प्रणालीत साडेआठ लाखांतून साडेतीन लाख वजा होऊन 5 लाख उरतात. तेवढ्यावर सूट मिळते, म्हणजे कर शून्य.

त्यांनी 31 जुलै 2024 च्या आत रिटर्न भरले, त्यात जुनी प्रणाली निवडली, पण Form 10-IEA दिलाच नाही. विभागाने नव्या प्रणालीने हिशोब केला. पहिल्या 3 लाखांवर काही नाही, पुढच्या 3 लाखांवर 5 टक्क्यांनी 15,000, उरलेल्या अडीच लाखांवर 10 टक्क्यांनी 25,000. एकूण 40,000 आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 41,600 रुपये. वर व्याज वेगळे.

अशी सूचना ईमेलवर येते. तिच्यात दोन रकाने असतात, एक तुम्ही भरलेल्या आकड्यांचा आणि दुसरा विभागाने धरलेल्या. दुसऱ्या रकान्यात वजावटी गायब दिसल्या, तर आधी पोर्टलवर View Filed Forms मध्ये जाऊन फॉर्म दिसतो का ते पाहा.

फॉर्म मुदतीत दिलेला असेल आणि रिटर्नमध्ये त्याचा पोच क्रमांक चुकला असेल, तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. फॉर्म दिलाच नसेल, तर दुरुस्तीने काम होत नाही. मग विलंब माफ करावा असा अर्ज आयकर विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे करावा लागतो. आजारपणासारखे खरे कारण आणि त्याचे कागद जोडावे लागतात. माफी मिळेलच असे नाही. सूचनेविरुद्ध अपिलाची मुदत 30 दिवसांची असते. मागणीची रक्कमही 30 दिवसांत भरली नाही, तर दरमहा 1 टक्का व्याज लागते. म्हणून सूचना आली की लगेच सीएकडे जा, वाट पाहू नका.

हे टाळायचे तर क्रम लक्षात ठेवा. आधी फॉर्म, मग रिटर्न. फॉर्म भरून झाला की तो पडताळावा लागतो, उदाहरणार्थ आधारच्या ओटीपीने, नाहीतर तो दाखल होत नाही. हा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर मुलाचा असेल आणि मुलगा पुण्यात असेल, तर शेवटच्या दिवशी अडचण होते. फॉर्मचा पोच क्रमांक आणि तारीख रिटर्नमध्ये लिहायची असते. रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेत असाल, तर ही पोच छापून मागा. "केलंय ताई" एवढ्यावर थांबू नका.

आता शेवटचे. 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सूट आहे. म्हणजे त्याच साडेआठ लाखांवर आता नव्या प्रणालीतही कर शून्य. त्यामुळे आधी दोन्हीकडचा हिशोब करून घ्या. ज्यांनी पूर्वी हा फॉर्म देऊन जुनी प्रणाली घेतली, त्या पुढच्या वर्षीही जुन्यातच राहतात. नव्यात यायला त्यांना पुन्हा मुदतीत फॉर्म द्यावा लागतो. अशी परत यायची संधी एकदाच मिळते. त्यानंतर धंदा चालू आहे तोवर जुनी प्रणाली पुन्हा घेता येत नाही.

पुढच्या बैठकीला रिटर्न भरणाऱ्या ताईंनी मागच्या वर्षीची पोच सोबत आणावी. कोण कोणत्या प्रणालीत आहे, ते एकत्र बसून पाहू.