परतफेडीच्या रकान्यात तारीख हवी

मदतकक्षासाठी बदली-धोरणाचा तक्ता करताना पात्रता आणि खर्चाच्या मर्यादा सहज उतरतात. ‘कायम कर्मचारी, सामानवाहतुकीची पावती आवश्यक’ असे लिहिले की काम भागते. चूक होते ती परतफेडीच्या कलमात. ‘12 महिन्यांत नोकरी सोडल्यास प्रमाणशीर वसुली’ हे वाक्य एका चौकटीत मावते, पण हिशेबाला पुरत नाही. समजा, कंपनीने 1,20,000 रुपये दिले. कर्मचारी 1 जूनला नव्या शहरात रुजू झाला, 30 नोव्हेंबरला राजीनामा दिला आणि 31 जानेवारी हा कामाचा शेवटचा दिवस ठरला. राजीनाम्याची तारीख धरली तर सहा महिने उरतात, वसुली 60,000 रुपये. शेवटचा दिवस धरला तर चार महिने, म्हणजे 40,000. मुदत रुजू होण्याऐवजी पैसे मिळाल्यापासून मोजायची असेल, तर आकडा पुन्हा बदलतो.

म्हणून या कलमाला मुदत कधी सुरू, नोकरी कोणत्या तारखेला संपली असे धरायचे, घट कशी आणि सूट कोणाला, असे वेगळे रकाने हवेत. शेजारी मूळ कलमाचा क्रमांकही हवा. तक्ता लांबला की मदतकक्षाचा वेग मंदावतो, हा आक्षेप खरा आहे; पण त्यात जाणारा वेळ चुकीची वसुली परत करण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा नक्कीच कमी. ‘इथे असेच करतात’ म्हणून रिकामी चौकट भरणे मात्र घातक, कारण प्रघात मग नियमासारखा वाचला जातो. तिथे ‘धोरणात उल्लेख नाही’ असे लिहावे आणि प्रश्न धोरण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावा.