बॉयलरखाली ठिबकणारं पाणी

जर्मनीतल्या किंवा इंग्लंडमधल्या जुन्या घरात राहायला गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांना हिवाळ्यात एक त्रास ओळखीचा होतो. सकाळी बॉयलरच्या गेजवरचा काटा 1 बारच्या खाली आलेला असतो आणि वरच्या मजल्यावरचा रेडिएटर गारठलेला असतो. नळ उघडून पाणी भरलं की काटा वर येतो, पण बॉयलर पेटल्यावर तो थेट 3 बारला भिडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी गळू लागतं. मग व्हॉल्व्ह बदलला जातो आणि गळती तशीच राहते, कारण खोट बहुतेक वेळा शेजारच्या प्रसरण टाकीत असते.

ही टाकी म्हणजे पत्र्याचा बंद डबा. मधोमध रबरी पडदा, एका अंगाला घराला ऊब देणारं पाणी आणि दुसऱ्या अंगाला दाबून भरलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी 10 अंशांवरून 80 अंशांवर गेलं की त्याचं आकारमान सुमारे 2.9 टक्क्यांनी वाढतं. जुन्या, जाड रेडिएटरांच्या घरात 200 लिटर पाणी सहज असतं, म्हणजे 5.7 लिटर जास्तीचं पाणी कुठेतरी मावायला हवं. बारीकसारीक गळतीसाठी किमान 3 लिटरांचा राखीव साठाही टाकीत धरतात. एकूण झाले 8.7 लिटर.

पण 8.7 लिटरची टाकी चालत नाही, कारण हवेलाही जागा लागते. तळघरातल्या टाकीपासून वरचा रेडिएटर 7 मीटर उंच असेल, तर तेवढं पाणी पेलायला 0.7 बार लागतो. वरही थोडा दाब उरावा म्हणून 0.3 धरला, की हवेचा मूळ दाब 1 बार ठरतो. व्हॉल्व्ह 3 बारला उघडतो. त्याला सतत टोचणी नको, म्हणून गरम पाण्याचा दाब 2.5 च्या वर जाऊ द्यायचा नाही. आता हवेला 1 ते 2.5 बार एवढ्याच पट्ट्यात आकुंचन पावायचं आहे. युरोपीय मानक EN 12828 मधलं सूत्र हेच मांडतं (गेजच्या आकड्यात वातावरणाचा 1 बार मिळवून):

8.7 × (2.5 + 1) ÷ (2.5 − 1) = 20.3 लिटर

जुना बॉयलर काढून भिंतीवरचा नवा बसवताना नेमकी इथे चूक होते. त्याच्या पोटात टाकी असते, पण ती बहुधा 8 किंवा 10 लिटरची. 10 लिटरच्या टाकीत 1.3 बारपर्यंत पाणी भरलं, तर 3 बार होईपर्यंत ती जेमतेम 3.7 लिटर घेते. उरलेलं 2 लिटर व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं, आणि रात्री पाणी निवलं की तेवढीच तूट वरच्या रेडिएटरला भोगावी लागते. पुन्हा भरलेल्या ताज्या पाण्यासोबत प्राणवायू आणि क्षार आत येतात, रेडिएटर आतून गंजतात. मला यातलं हे नुकसान सर्वांत वाईट वाटतं, कारण ते दिसत नाही. उपाय मात्र साधा आहे. परतीच्या पाइपवर आणखी 18 लिटरची टाकी लावली, दोन्हींत हवा 1 बारवर ठेवली, की थंड असताना 1.3 आणि गरम झाल्यावर सुमारे 2 बार एवढाच चढउतार राहतो.

सेफ्टी व्हॉल्व्हचं माप या हिशेबातून निघत नाही. ते बॉयलरच्या ताकदीवरून ठरतं. 24 किलोवॉटचा बॉयलर पाणी नुसतं तापवत असेल, तर वाढ तासाला पंधरा लिटरांहून कमी असते. पण थर्मोस्टॅट अडकला आणि पाण्याची वाफ होऊ लागली, तर तासाला सुमारे 41 किलो वाफ होते, आणि 3 बारच्या आसपासही ती 17 घनमीटर जागा मागते. व्हॉल्व्हला ही वाफ दाब चढू न देता सोडायची असते. म्हणूनच 50 किलोवॉटपर्यंत 15 मिलिमीटरचा, 100 पर्यंत 20 चा आणि 200 पर्यंत 25 चा व्हॉल्व्ह लावतात. बॉयलर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येणारी कुठलीही चावी चालत नाही. बाहेर जाणारी नळी व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा बारीक नको, आणि ती उताराने, अंगावर वाफ येणार नाही पण गळती दिसेल अशा जागी उघडायला हवी.

टाकीची हवा तपासायची तर आधी पाण्याचा दाब पूर्ण उतरवावा लागतो. तो असताना गेज पाण्याचाच दाब दाखवतो. मग गाडीच्या चाकाला लावतो तोच गेज टाकीच्या पिनला लावायचा. पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं, तर पडदा फाटला आहे आणि टाकी किंवा पडदा बदलावा लागणार. हवा कमी असेल, तर पंपाने भरता येते. आणि बॉयलर थंड, काटा 1.3 वर असतानाही थेंब पडत असतील, तर मात्र व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलेला असतो. वारंवार उघडलेल्या व्हॉल्व्हचं असं होतंच. तेव्हा तो बदलायचा, पण टाकी नीट केल्यानंतर.