कुरण गेले, फुले उरली: नामशेषतेच्या कर्जाबद्दलचे गैरसमज

एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत सारेमा आणि मुहू ही बेटे आहेत. तिथे चुनखडीच्या खडकावर जेमतेम वीतभर माती असते आणि त्या मातीत ‘अल्वार’ नावाची गवताळ कुरणे आहेत. सह्याद्रीतला सडा पाहिलेल्या वाचकाला हे दृश्य डोळ्यांसमोर आणता येईल. खडक वेगळा आहे, पण पातळ माती, उघडे ऊन आणि बुटक्या फुलझाडांची गर्दी तशीच. शेकडो वर्षे मेंढ्या-गुरे चरत राहिली, म्हणून ही कुरणे मोकळी राहिली. 1930 च्या दशकानंतर चराई हळूहळू थांबली, जुनिपरची झुडपे माजली, काही ठिकाणी पाईन लावले गेले आणि बहुतेक अल्वार झाकले गेले. उरलेल्या तुकड्यांत फुले मात्र अजून फुलतात. अधिवास गेल्यावर निसर्गाला नुकसान दाखवायला किती वेळ लागतो, याबद्दलचे बरेच गैरसमज या फुलांपाशी येऊन थांबतात.

गैरसमज: अधिवास नष्ट झाला की प्रजाती लगेच जातात, ज्या टिकल्या त्या वाचल्या.

जंगल तोडले की झाडांबरोबर प्राणीही जाताना दिसतात, त्यामुळे हे खरे वाटते. पण डोळ्यांदेखत मरतात ते त्या तुकड्यावरचे जीव. प्रजातीचे जाणे पुष्कळदा नंतर येते. अल्वारवरच्या अनेक वनस्पती बहुवर्षायू आहेत. एकदा रुजलेले झाड दशकानुदशके जगते आणि काही झाडे मुळांतून नवे फुटवे काढून तेवढीच जागा धरून राहतात. भोवतालचे कुरण झुडपांखाली गेले तरी म्हातारे झाड मरत नाही. फक्त त्याच्या बीला रुजायला उघडी जागा मिळत नाही, आणि शेजारच्या कुरणातून येणारे बी येईनासे होते. मरणाऱ्यांची जागा घेणारे कोणी उरलेले नसते, आणि जुनी झाडे उभी असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. आजच्या अधिवासात टिकू शकणार नाहीत, पण अजून गेलेल्या नाहीत, अशा प्रजातींना परिसंस्थाशास्त्रात ‘नामशेषतेचे कर्ज’ म्हणतात. डेव्हिड टिल्मन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये ही कल्पना गणिती रूपात मांडली. मुद्दल आधीच उचललेले असते, वसुली नंतर होते.

वसुलीचा वेग सगळ्यांना सारखा नसतो. युरोपातल्या अनेक देशांतल्या गवताळ तुकड्यांची तुलना केल्यावर असे दिसले की वनस्पतींची संख्या अजून जुन्या काळातल्या अधिवासाशी जुळते, तर फुलपाखरांची संख्या आजच्या अधिवासाशी. ज्यांची पिढी वर्षभरात बदलते त्यांनी आपला हप्ता आधीच चुकवला आहे.

गैरसमज: पाहणीत पक्षी भरपूर दिसले, म्हणजे तुकडा सुखरूप आहे.

गणती हा हाताशी असलेला पुरावा आहे आणि त्यावर विश्वास ठेवणे चूक नाही. चूक होते ती गणतीच्या वेळेत. ब्राझीलमध्ये मनाउसच्या उत्तरेला थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने 1979 मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तुटणारच होते. त्यातून 1, 10 आणि 100 हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखले गेले, आणि तोडीच्या आधीपासून बारीक जाळ्यांत पक्षी पकडून, मोजून सोडले गेले. तोडीनंतर लगेच तुकड्यांतल्या जाळ्यांत पक्षी वाढले. उजाड झालेल्या जमिनीवरचे निर्वासित तिथे आले होते. त्या महिन्यांत कोणी अहवाल लिहिला असता, तर तो आनंदाचा झाला असता. मग संख्या घसरत गेली. लष्करी मुंग्यांच्या फौजेमागे फिरून, उडालेले किडे टिपणारे पक्षी लहान तुकड्यांतून लवकर गेले, कारण एवढ्या जागेत मुंग्यांची फौजच टिकत नाही. 100 हेक्टरच्या तुकड्यांतूनही खालच्या थरात राहणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या प्रजाती पंधरा वर्षांच्या आत नाहीशा झाल्या. पहिल्या वर्षीची गर्दी भरभराटीची खूण मानली, तर नेमके उलटे निदान होते.

गैरसमज: जे अजून घडलेच नाही ते मोजणार कसे? हे कर्ज म्हणजे निव्वळ भीती.

ही शंका योग्य आहे आणि तिला उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. आवेलिना हेल्म, इल्का हान्स्की आणि मेलिस पार्टेल यांनी 35 अल्वार तपासले. आजचे क्षेत्रफळ आणि इतर अल्वारांशी असलेली आजची जवळीक यांवरून तिथल्या खास कुरणवासी वनस्पतींची संख्या सांगता आली नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशावरचे क्षेत्रफळ आणि जवळीक घेतल्यावर मात्र संबंध दिसला. तोही पूर्ण नव्हता, कुरणाकुरणांतल्या फरकाचा साधारण पाव भाग त्यातून उलगडला. तरी वनस्पती आजच्या तुकड्याशी नव्हे, आजोबांच्या काळातल्या कुरणाशी जुळत होत्या, एवढे त्यातून कळते.

पुढची पायरी कर्ज मोजण्याची. 35 पैकी 14 अल्वारांचे क्षेत्र फारसे घटलेले नव्हते. तिथे प्रजाती आणि जागा यांचा मेळ बसलेला आहे असे धरून, किती जागेत किती प्रजाती टिकतात याचे सूत्र बांधले गेले. मग ते सूत्र मोठी घट झालेल्या बाकीच्या अल्वारांना लावले. समजा एखाद्या तुकड्यात आज 30 प्रजाती आहेत आणि सूत्र म्हणते 18 टिकतील, तर 12 प्रजातींचे कर्ज आहे. प्रत्यक्षात हा अंदाज एकेका अल्वारमध्ये आजच्या प्रजातींच्या सुमारे 40 टक्के आला. हा आकडा त्या त्या कुरणापुरता आहे. देशातूनच 40 टक्के वनस्पती जातील असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ती 14 कुरणेही आतून ढासळत असतील, तर खरे कर्ज याहून मोठे निघेल.

गैरसमज: तपासात कर्ज आढळले नाही, म्हणजे ठीक आहे.

बेल्जियममधल्या अतिशय तुटक चुनखडी कुरणांत अशाच शोधात कर्ज सापडले नाही. कारण तिथले तुकडे इतके लहान आणि एकमेकांपासून इतके दूर झाले होते की जे जायचे ते बहुधा आधीच गेले होते. शून्य थकबाकी दिवाळखोरी संपल्यावरही दिसते.

गैरसमज: जाणे ठरलेलेच आहे, मग त्या तुकड्यांवर खर्च कशाला?

‘कर्ज’ या शब्दानेच हा समज पसरतो, कारण कर्ज फेडावेच लागते. पण ही वसुली आजच्या अधिवासावर ठरते, आणि अधिवास वाढवला की हिशेब बदलतो. एस्टोनियात 2014 ते 2019 या काळात सुमारे 2,500 हेक्टर अल्वार पुन्हा मोकळे करण्यात आले. जुनिपर आणि पाईन कापले, कुंपणे घातली, मेंढ्या आणि गुरे परत आणली. जुनी झाडे शेजारी उभी असतात तिथे बी आणायला बाहेर जावे लागत नाही. ती गेल्यावर तेच काम कितीतरी अवघड होते. म्हणून कर्जाचा काळ हाच कामाचा काळ आहे.

त्यात एक अट आहे. झुडपे कापणे एकदाचे काम आहे, चराई दरवर्षीची. जनावरे आली नाहीत तर मोकळा केलेला अल्वार पुन्हा जुनिपरखाली जातो.